जर्मनीला जाताय? मग पेन्शन मोडून जाऊ नका

बुधवाऱ्यातल्या चहाच्या टपरीवर आजकाल दुबईपेक्षा जर्मनीच्या गप्पा जास्त असतात. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, आणि तेव्हापासून रावेर, भुसावळ, जळगावकडच्या नातेवाइकांचे फोन इकडे बऱ्हाणपुरात यायला लागले. "तुझा आयटीआय झालाय ना? मग जर्मन शिक." सीमेच्या अलीकडे राहणाऱ्यांना महाराष्ट्राची योजना लागू होते का, हा वेगळा वाद आहे, त्यावर पुन्हा कधी बोलू. पण योजनेतून जा, एजंटकडून जा की स्वतः अर्ज करून जा, एक गोष्ट सगळ्यांना सारखीच लागते आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ती म्हणजे पेन्शन.

क्लासवाला भाषा शिकवतो, एजंट व्हिसाचं सांगतो, घरचे पगार विचारतात. आणि निघायच्या महिनाभर आधी पोरगं काय करतं? तिकिटाला, कपड्याला, डिपॉझिटला पैसे लागतात म्हणून पी.एफ. काढतं आणि त्याच झटक्यात पेन्शनचेही पैसे काढून मोकळं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही दुसरी गोष्ट करू नका. का, ते नीट हिशोब मांडून सांगतो.

आधी आपल्याकडची कपात समजून घेऊ. पगारातून 12 टक्के पी.एफ. कापला जातो आणि तेवढेच मालक भरतो. मालकाच्या 12 मधले 8.33 टक्के वेगळ्या खात्यात जातात, ते आहे 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेचं खातं. हे 8.33 टक्के जास्तीत जास्त 15,000 रुपये पगारावर धरतात, म्हणजे महिन्याला 1,250 रुपये. या योजनेची एक अट आहे. 10 वर्षं नोकरी झाली तरच 58 व्या वर्षापासून महिन्याला पेन्शन मिळते. त्याआधी सोडलं तर पेन्शन नाही, फक्त थोडी रक्कम एकदम हातात मिळते.

जर्मनीतही असंच आहे, आकडे फक्त वेगळे. तिथे पगाराच्या 18.6 टक्के पेन्शन विम्यात जातात, अर्धे कामगाराचे आणि अर्धे मालकाचे. म्हणजे तुमच्या पगारातून 9.3 टक्के. तिथली किमान अट 5 वर्षांची, म्हणजे 60 महिन्यांची. पेन्शनचं वय आपल्या वयाच्या पोरांसाठी 67.

आता यात दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली अडचण दुहेरी कपातीची. पुण्याच्या कंपनीने तुम्हाला दोन वर्षांसाठी जर्मनीच्या साइटवर पाठवलं. तुम्ही पुण्याच्याच कंपनीचे नोकर आहात, म्हणून इथे पी.एफ. चालू. काम जर्मनीत करता, म्हणून तिथला कायदा म्हणतो तिथेही भरा. एकाच महिन्याच्या कामावर दोन देशांत कपात. आणि तिथे भरलेल्याचा उपयोगही नाही, कारण दोन वर्षांत 60 महिने कुठे होणार?

दुसरी अडचण तुकड्यांची. तुम्ही इथली नोकरी सोडली आणि थेट जर्मन मालकाकडे लागलात. इथली कपात बंद, तिथली सुरू. दुहेरी काहीच नाही. पण इथे 6 वर्षं झाली, तिथे 4 वर्षं झाली. इथे 10 पाहिजे होती, तिथे 5 पाहिजे होती. दोन्हीकडे थोडक्यात चुकलं. 10 वर्षं कपात होऊनही पेन्शन शून्य.

देशादेशांतले सामाजिक सुरक्षा करार या दोन्ही अडचणींसाठी असतात. भारताचा पहिला असा करार बेल्जियमशी झाला, 2006 ला सही आणि 2009 पासून लागू. जर्मनीशी आधी फक्त दुहेरी कपातीपुरता करार होता. 2011 ला सही झालेला मोठा करार 1 मे 2017 पासून लागू झाला, आणि त्यात दोन्ही देशांतली वर्षं जोडायची सोय आली. जपान, फ्रान्स, नेदरलँड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया यांच्याशीही करार आहेत. पण प्रत्येकाचे नियम वेगळे, म्हणून एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नका. मी इथे जर्मनीचंच बोलतोय.

पहिल्या अडचणीचं उत्तर एका कागदात आहे. त्याला कव्हरेज सर्टिफिकेट म्हणतात. तुम्हाला पाठवणारी भारतातली कंपनी पी.एफ. कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करते, आणि "हा माणूस भारताच्या योजनेत भरतोय" असं प्रमाणपत्र मिळतं. ते जर्मनीत दाखवलं की तिथली पेन्शन कपात होत नाही. मुदत 48 महिने, आणि दोन्ही देशांच्या कार्यालयांनी मान्य केलं तर 60 पर्यंत वाढते. चुकतं कुठे, तर कागद वेळेवर निघत नाही. माणूस तिथे पोचतो, पहिला पगार होतो आणि कपात सुरू होते. ओळखायचं कसं? जर्मन पगारपत्रकावर आर आणि व्ही या दोन अक्षरांनी एक ओळ असते, ती पेन्शन विम्याची. सर्टिफिकेट असूनही त्या ओळीत रक्कम दिसत असेल तर त्याच महिन्यात कंपनीला विचारा, वर्षाने नाही.

पण या कागदाची दुसरी बाजूही बघा. सर्टिफिकेट आहे म्हणजे त्या काळात जर्मनीत तुमच्या नावावर काही जमा होत नाही. ती वर्षं भारताच्याच खात्यात मोजली जातात. एकच महिना दोन्हीकडे मोजून घ्यायचा, असला जुगाड चालत नाही.

आपल्या भागातल्या पोरांना बहुतेक वेळा दुसरी अडचण येणार आहे, कारण ते कंपनीने पाठवलेले नसतात, थेट तिथल्या मालकाकडे लागतात. त्यांना हे सर्टिफिकेट मिळतही नाही आणि लागतही नाही. त्यांच्यासाठी महत्त्वाचं आहे ते वर्षं जोडणं. एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, नियम खरे आहेत.

समजा बुधवाऱ्यातला एक इलेक्ट्रिशियन. आयटीआय झाल्यावर त्याने जळगावच्या एमआयडीसीत 2 वर्षं आणि मग पिथमपूरला 4 वर्षं काम केलं. एक कंपनी महाराष्ट्रात, एक मध्य प्रदेशात. पी.एफ.ला त्याने काही फरक पडत नाही, पी.एफ. केंद्राचा आहे आणि यूएएन नंबर एकच. पेन्शनचा पगार 15,000 धरला. एकूण 72 महिने. मग तो जर्मनीला गेला आणि महिन्याला 3,000 युरो पगारावर 48 महिने काम केलं. दर महिन्याला त्याच्या पगारातून 9.3 टक्के म्हणजे 279 युरो पेन्शन विम्यात गेले. चार वर्षांत त्याचे 13,392 युरो, आणि तेवढेच मालकाचे. मग आई-वडिलांसाठी तो परत आला.

करार नसता तर? भारतात 72 महिने, पाहिजेत 120. जर्मनीत 48, पाहिजेत 60. दोन्हीकडून नकार.

करार आहे म्हणून काय होतं? जर्मनीचं कार्यालय भारताला विचारतं, याचे तुमच्याकडे किती महिने? 72. 48 आणि 72 मिळून 120 झाले, 60 ची अट पूर्ण. भारताचं पी.एफ. कार्यालय जर्मनीला विचारतं, तुमच्याकडे किती? 48. इथेही 120 झाले, 10 वर्षांची अट पूर्ण. दोन्ही दारं उघडली.

इथे एक गैरसमज असतो, म्हणून थांबून सांगतो. पैसे एका देशातून दुसऱ्या देशात जात नाहीत. जर्मनीतली रक्कम बऱ्हाणपूरच्या तुमच्या पी.एफ. खात्यात येणार नाही. जोडली जातात ती फक्त वर्षं, आणि तीही फक्त अट पूर्ण झाली का हे बघायला. पैसे मात्र प्रत्येक देश आपल्याकडे भरलेल्या वर्षांपुरतेच देतो.

भारताचा हिशोब बघा. आपलं सूत्र आहे पेन्शनचा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. पूर्ण 10 वर्षं धरली तर 15,000 गुणिले 10 भागिले 70, म्हणजे महिन्याला साधारण 2,143 रुपये. त्यातला भारताचा वाटा 10 पैकी 6 वर्षांचा, म्हणजे साधारण 1,286 रुपये. हे 58 पासून.

जर्मनीत गुणांची पद्धत आहे. देशातल्या सरासरी पगाराएवढा तुमचा वर्षाचा पगार असेल तर त्या वर्षाचा एक गुण. 2025 साठी सरासरी पगार 50,493 युरो धरला होता. आपल्या माणसाचा वर्षाचा पगार 36,000, म्हणजे वर्षाला 0.71 गुण आणि चार वर्षांत साधारण 2.85. जुलै 2025 ला एका गुणाला महिन्याला 40.79 युरो मिळत होते. म्हणजे त्या दराने महिन्याला साधारण 116 युरो. हिशोब सोपा करायला युरो 100 रुपयांचा धरला तर 11,600 रुपये. हे 67 पासून, तो बुधवाऱ्यात बसलेला असला तरी. आणि गुणाची किंमत जर्मनीतल्या पगारांबरोबर बदलत राहते, 116 वर गोठत नाही.

आता मूळ मुद्दा. हाच माणूस निघायच्या आधी पेन्शनचे पैसे काढून गेला असता तर? भारतातली त्याची 6 वर्षं मोडली. पेन्शनच्या पुस्तकात तो नवा माणूस झाला. परत आल्यावर जर्मनीच्या 48 महिन्यांत जोडायला काहीच उरलं नाही. 48 म्हणजे 48, आणि 60 ची अट अपुरी. निघताना हातात आलेल्या थोड्या पैशांसाठी त्याने इथले 1,286 रुपये तर घालवलेच, पण तिथल्या 116 युरोचीही वाट बंद केली. इकडचा दरवाजा लावला आणि तिकडचाही लागला. हे कोणी सांगत नाही.

मग काय करायचं? पी.एफ. आणि पेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी नोकरीला जाताना पी.एफ.ची जमा रक्कम काढायची सोय कायद्यात आहे, आणि गरज असेल तर काढा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पेन्शनसाठी फॉर्म 10सी असतो. याच फॉर्ममध्ये दोन पर्याय आहेत, एक पैसे काढण्याचा आणि दुसरा स्कीम सर्टिफिकेट घेण्याचा. स्कीम सर्टिफिकेट म्हणजे "याची इतकी वर्षं जमा आहेत" असा कागद. तो घ्या, नाहीतर 10सी भरूच नका, पण पैसे काढू नका. सायबर कॅफेवाला फॉर्म भरून देतो तेव्हा तो सवयीने दोन्ही पैसे काढायचे बटण दाबतो. स्क्रीनकडे स्वतः बघा.

परत आल्यावर दुसरा मोह येतो. जर्मनीत 60 महिने झाले नसतील, तर युरोपीय संघ सोडून 24 महिने झाल्यावर भरलेले पैसे परत मागता येतात. समाजमाध्यमांवर याच्या रील्स फिरतात, "जर्मनीतून लाखो रुपये परत मिळवा". खरं आहे, मिळतात. पण काय मिळतं ते बघा. फक्त तुमचा वाटा, म्हणजे 13,392 युरो, बिनव्याजी. मालकाने भरलेले तेवढेच युरो तिथेच राहतात. आणि पैसे घेतले की ते चार वर्षं पुसली जातात. मग भारतातल्या 6 वर्षांना 10 करायला तिकडून मदत नाही.

परतावा घेणं मूर्खपणा आहे असं मी म्हणणार नाही. 116 युरोने 13,392 वसूल व्हायला साडेनऊ वर्षं लागतात, म्हणजे वयाची 76 पार. पस्तिशीतल्या माणसाला आज साडेतेरा लाख मिळाले, ते त्याने घरात किंवा धंद्यात लावले, तर त्याचाही हिशोब बसू शकतो. ज्याच्या डोक्यावर 12 टक्क्यांचं कर्ज आहे त्याला 67 ची वाट बघ म्हणणं सोपं नाही. पण ज्याच्या भारतातल्या वर्षांना 10 करायला जर्मनीची वर्षं लागणार आहेत, त्याने परताव्याच्या अर्जावर सही करण्याआधी दोन्ही पेन्शनचा आकडा कागदावर मांडावा. रीलवाला परताव्याचा आकडा सांगतो, पुसल्या जाणाऱ्या वर्षांचा सांगत नाही, कारण त्याला कमिशन परताव्यावर मिळतं.

आता आपल्याकडच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. हे सगळं तेव्हाच, जेव्हा भारतात जोडायला वर्षं असतील. बऱ्हाणपूर यंत्रमागाचं गाव. इथे किती पोरांनी पाच-सहा वर्षं काम केलं, पण पी.एफ.ची एक पावती हातात नाही. पी.एफ. कायदा 20 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला लागतो. मग खरोखर छोटा कारखाना असतो, किंवा मोठाच कारखाना कागदावर छोटा दाखवलेला असतो. कामगाराला वाटतं, कापलं नाही ते बरं, हातात जास्त आले. पण जर्मनीहून चार वर्षांनी परतल्यावर त्या न कापलेल्या वर्षांची किंमत कळते. कराराला तोंडी साक्ष चालत नाही. पी.एफ. कार्यालयाच्या नोंदीत जे महिने आहेत तेच महिने.

नोंद असते त्यांचीही ती धड नसते. आपण सीमेवरची माणसं, कामासाठी दोन्ही राज्यांत फिरतो. प्रत्येक नव्या नोकरीत नवा मेंबर आयडी, कधी कधी दुसरा यूएएनही. आधारवर नाव हिंदी वळणाने लिहिलेलं, पासपोर्टवर वेगळं स्पेलिंग, मार्कशीटवर तिसरं. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते. अशा खात्यावरून जर्मनीला महिने कळवायचे म्हणजे वर्षभराची पत्रापत्री. म्हणून निघायच्या आधी, व्हिसाच्या कागदांसोबतच, तीन कामं करा. सगळे जुने मेंबर आयडी एका यूएएनमध्ये ट्रान्सफर करून घ्या. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे जुळवा. सोडल्याची तारीख मालकाने भरली नसेल तर शेवटची कपात झाल्यावर दोन महिन्यांनी ती स्वतः पोर्टलवर भरता येते, ती भरा.

आणि passbook.epfindia.gov.in वर आपलं पासबुक उघडून पेन्शनचा रकाना बघा. तिथे दर महिन्याला रक्कम दिसते का? सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा पी.एफ.मध्ये आलेल्या आणि तेव्हाच पगार 15,000 च्या वर असलेल्या माणसाला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. त्याचा पी.एफ. जमा होतो, पण पेन्शनचा रकाना शून्य. ज्याचा रकाना शून्य, त्याने वरचं इलेक्ट्रिशियनचं गणित स्वतःला लावून घेऊ नये.

शेवटी, हे करार सगळीकडे नाहीत हेही लक्षात ठेवा. अमेरिकेशी आपला करार नाही. तिथे एच-वन-बी वर गेलेल्या मराठी पोरांच्या पगारातून 6.2 टक्के सोशल सिक्युरिटी कापली जाते, पेन्शनला साधारण 10 वर्षं लागतात, आणि व्हिसाची नेहमीची मुदत 6 वर्षं. ज्याला मधेच परतावं लागतं त्याला ना पेन्शन, ना परतावा. ब्रिटनशी 2025 च्या व्यापार करारासोबत जे ठरलं ते फक्त दुहेरी कपात टाळण्यापुरतं आहे, वर्षं जोडण्याचं त्यात नाही. आणि आखातात परदेशी कामगाराची पेन्शन कपातच नसते, तिथे नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. दुबईला जाणाऱ्याने करार शोधू नये, करारपत्रातला मूळ पगार बघावा, कारण ग्रॅच्युइटी त्यावरच मोजतात.

आमची मागणी फार मोठी नाही. परदेशी पाठवण्यासाठी जे सरकारी आणि खासगी क्लास चालतात, त्यांनी भाषेच्या तासांमध्ये एक तास पेन्शनला द्यावा. पी.एफ. कार्यालयाने 10सी च्या स्क्रीनवर साध्या मराठीत आणि हिंदीत एक ओळ टाकावी, की पैसे काढले तर तुमची वर्षं मोडतील आणि परदेशातल्या वर्षांशी जोडता येणार नाहीत. हे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या ओळखीतलं कोणी जर्मनीचे कागद गोळा करत असेल, तर त्याला एवढंच विचारा. भावा, 10सी भरलास का? आणि भरला असशील तर कोणता पर्याय निवडलास?